घसादुखी, आजोबांची बाटली आणि गाढ झोप: पावणेतीन वर्षांच्या मुलीचे प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. मुलगी कुणी विशिष्ट नाही. औषधांची नावे, त्यांची ताकद, मात्रा आणि घटनांचा क्रम मात्र अशा प्रकरणांत दिसतो तसाच ठेवला आहे. प्रश्न एकच आहे: घसा दुखतो म्हणून दिलेल्या दोन चमचे खोकल्याच्या औषधाने मूल श्वास घ्यायचे का थांबते?

मुलगी पावणेतीन वर्षांची, वजन १२ किलो. आधीचा आजार काही नाही. एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती कुणी डॉक्टरांना सांगितली नव्हती: मुलगी रोज रात्री घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते आणि मधूनच कूस बदलून दचकते. ‘आजोबांवर गेलीये’ असे म्हणून तो विषय संपत असे.

दोन दिवसांपासून अंगात थोडा ताप, नाक वाहते, घास गिळताना रडणे, पाणीसुद्धा नको. खोकला अधूनमधून, दिवसभरात पाच-सहा वेळा. संध्याकाळी जवळच्या दवाखान्यातून सर्दीचे सिरप मिळाले. त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम, फिनाइलेफ्रिन ५ मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामिन १ मिलिग्रॅम. ‘एक-एक चमचा तीन वेळा.’ रात्री आठला पहिला डोस दिला.

साडेनऊ वाजले तरी रडणे थांबेना. कपाटात आजोबांच्या खोकल्याची बाटली होती, दोन महिन्यांपूर्वी त्यांना लिहून दिलेली. त्यात दर ५ मिलिलिटरमध्ये कोडीन फॉस्फेट १० मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामिन ४ मिलिग्रॅम. आजोबा दोन चमचे घ्यायचे, म्हणून नातीला एक. सव्वादहाला ती शांत झोपली. घरात सुटकेचा श्वास पडला.

दीडला ती पुन्हा रडत उठली. पुन्हा एक चमचा. या वेळी ती दहा मिनिटांतच झोपली.

पावणेपाचला आईला जाग आली ती घोरण्याने नव्हे, घोरणे थांबल्याने. मोठा घरघर आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक धापेसारखा श्वास. हाक मारली, गाल थोपटले, मूल जागे होईना. ओठ काळपट. १०८ ला फोन करण्याऐवजी शेजाऱ्यांच्या गाडीने पाच वाजून दहा मिनिटांनी ते रुग्णालयात पोहोचले.

त्या रात्रीचा हिशेब

आधी कोडीन. दीडपर्यंत चार तासांत २० मिलिग्रॅम. एका वेळचा डोस १० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास. इथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. दुखण्यासाठी मुलांना कोडीन किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी, असे पूर्वी पुस्तकांत छापलेले असे. या घराने अंदाजपंचे दिलेला डोस, किलोमागे मोजला, तर त्या जुन्या पुस्तकात बसतो. म्हणूनच ‘जास्त पाजले, म्हणून झाले’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे.

कॅनडातील एका दोन वर्षांच्या मुलाचे प्रकरण २००९ मध्ये वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झाले. वजन १३ किलो, घोरणे आणि झोपेत श्वास अडणे यासाठी टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड काढले, दुखण्यासाठी घरी पॅरासिटामॉल-कोडीनचे सिरप दिले. एका वेळी कोडीन १० ते १२.५ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी. आपल्या मुलीला मिळाला तोच डोस, फरक इतकाच की तिथे तो डॉक्टरांनी लिहून दिला होता आणि आईने सांगितल्याप्रमाणे पाजला होता. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री त्याला ताप आला, श्वासाला घरघर लागली आणि सकाळी तो मृत आढळला. तपासणीत रक्तात मॉर्फिन अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाले.

कोडीन पोटात गेल्यावर

कोडीन स्वतः फार दुबळे औषध आहे. यकृतातील सीवायपी२डी६ नावाचे विकर त्यातील थोडा भाग मॉर्फिनमध्ये बदलते, साधारण पाच ते दहा टक्के, आणि दुखणे कमी करण्याचे काम मुख्यतः ते मॉर्फिन करते. अडचण अशी की हे विकर माणसागणिक वेगळे असते. काहींच्या जनुकांत त्याच्या जादा प्रती असतात. त्यांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिन झपाट्याने आणि नेहमीपेक्षा जास्त बनते. काहींत हे विकर जवळजवळ निकामी असते. त्यांना औषधाचा गुण येत नाही, मग घरचे ‘लागू पडत नाही’ म्हणून आणखी एक चमचा देतात.

कोणते मूल कोणत्या गटातले, हे चेहऱ्यावरून, वजनावरून किंवा ‘मागच्या वेळी दिले होते, काही झाले नाही’ यावरून कळत नाही. त्यासाठी जनुकीय चाचणी लागते, आणि घसादुखीसाठी ती कुणी करणार नाही. मागच्या वेळी काही झाले नाही याचे कारणही जनुकच असेल असे नाही. कदाचित तेव्हा टॉन्सिल सुजलेले नव्हते, किंवा दुसरा डोस द्यायची वेळच आली नव्हती.

मॉर्फिन मेंदूतील श्वसनकेंद्राला मंद करते. एरवी झोपेत श्वास कमी पडला, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू मुलाला जागे करतो, मूल कूस बदलते, खोल श्वास घेते. आपल्या मुलीचे रोज रात्री दचकणे ही हीच यंत्रणा होती. सुजलेल्या टॉन्सिलमुळे श्वासमार्ग अडला की ती अर्धवट जागी होऊन तो मोकळा करत असे. त्या रात्री घशाला संसर्ग होता, टॉन्सिल आणखी सुजले होते, म्हणजे अडथळा नेहमीपेक्षा जास्त होता. आणि नेमके त्याच रात्री तिला जागे करणारी यंत्रणा औषधाने बंद केली.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९६९ ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या तेव्हा कोडीनमुळे १८ वर्षांखालील मुलांना गंभीर श्वसनत्रास झाल्याची ६४ प्रकरणे सापडली, त्यांत २४ मृत्यू. बहुतेक मृत मुले १२ वर्षांखालची. ही फक्त कळवली गेलेली प्रकरणे. एप्रिल २०१७ मध्ये तिथे १२ वर्षांखालील मुलांना खोकला वा दुखणे, कशासाठीही कोडीन देणे निषिद्ध ठरले. जानेवारी २०१८ मध्ये खोकला-सर्दीच्या कोडीनयुक्त औषधांची वयोमर्यादा १८ केली. युरोपने खोकला-सर्दीसाठी १२ वर्षांखालील मुलांना मनाई २०१५ मध्येच केली होती. मात्रा कमी करून हा प्रश्न सुटत नाही, हे लक्षात आल्यामुळे सरळ वयाची रेघ ओढावी लागली.

दुसरा अर्धा भाग: क्लोरफेनिरामिन

कोडीनकडे सगळ्यांचे लक्ष जाते, आणि बाटलीतला दुसरा घटक सुटतो. क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीचे, गुंगी आणणारे अँटिहिस्टामिन. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ब्रिटिश औषधसूचीत त्याचा डोस एका वेळी १ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ६, आणि तोही पित्त उठणे किंवा अ‍ॅलर्जी यांसाठी, घसादुखीसाठी नव्हे. या मुलीच्या पोटात आठ वाजता १, साडेनऊला ४, दीडला ४ गेले. साडेपाच तासांत ९ मिलिग्रॅम. दिवसभराच्या कमाल मर्यादेच्या दीडपट, एका रात्रीत. आठचा डोस आणि साडेनऊचा डोस यांत एकच औषध आहे हे घरात कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण एक ‘सर्दीचे’ होते आणि दुसरे ‘खोकल्याचे’.

लहान मुलांत हे औषध शरीरातून अर्धे बाहेर पडायलाच दहा-बारा तास घेते. म्हणजे तिसरा डोस पहिल्या दोन्हींवर चढला. त्याची गुंगी आणि मॉर्फिनची गुंगी मिळून झोप इतकी खोल गेली की श्वास अडला तरी जाग येईना.

आता घशाचे पाहू. जंतूंमुळे घशाच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यातून दुखते. ही सूज हिस्टामिनमुळे आलेली नसते, म्हणून अँटिहिस्टामिनला तिथे करण्यासारखे काही नसते. उलट ही जुनी औषधे लाळ आणि श्लेष्मा कोरडा करतात. आधीच तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचा घसा आणखी कोरडा पडतो, कफ चिकट होतो, गिळणे अधिक दुखते. काही लहान मुलांत तर परिणाम उलटाच दिसतो: मूल झोपण्याऐवजी चिडचिडे, अस्वस्थ होते, थयथयाट करते, आणि तो ‘आजार वाढला’ असे समजून पुढचा चमचा दिला जातो.

याच कुटुंबातील प्रोमेथाझिनवर दोन वर्षांखालील मुलांसाठी श्वास मंदावण्याचा कडक इशारा आहे. डायफेनहायड्रामिन, ट्रायप्रोलिडिन हीदेखील त्याच घरातली. खोकल्यावर या औषधांचा गुण साध्या गोड सिरपपेक्षा जास्त असल्याचा भरवशाचा पुरावा मुलांत मिळालेला नाही.

मग ती ‘लागू पडतात’ असे का वाटते? कारण मूल झोपते. रडणे थांबते. सकाळपर्यंत विषाणूचा एक दिवस उलटलेला असतो, घसा थोडा बरा असतो. झोप आली म्हणजे दुखणे थांबले असे आपण धरतो, पण दुखणारे मूल औषधाने झोपले, तर दुखणे जागच्या जागीच असते.

रात्री दीडला ती का उठली

हा या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. तिला दुखण्याचे औषध पुरेसे मिळालेच नव्हते. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम लागते, म्हणजे १२ किलोला १८० मिलिग्रॅम. सर्दीच्या सिरपमधून तिला १२५ मिळाले. त्याचा असर चार ते सहा तास टिकतो. आठचा डोस दीडपर्यंत ओसरला, घसा ठणकू लागला, ती उठली. त्या क्षणी तिला हवे होते पॅरासिटामॉल, आणि तिला मिळाले कोडीन.

डॉक्टरांनी मात्रा वाढवून सव्वासात मिलिलिटर लिहिली असती तर? मग पॅरासिटामॉल पुरले असते, पण त्याबरोबर क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनही दीडपट वाढले असते. एकाच बाटलीत तीन गोष्टी कोंबल्या की एकीची मात्रा बरोबर करताना दुसरी बिघडते. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल असलेली बाटली हवी, यामागे हे साधे गणित आहे.

शिवाय या मिश्रणाबाबत केंद्रीय औषध नियंत्रकांची सूचना डिसेंबर २०२३ पासूनच आहे: क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालील मुलांना वापरू नये, आणि तसे वेष्टनावर छापावे. मुलगी पावणेतीन वर्षांची. म्हणजे पहिली चूक कपाटातल्या बाटलीच्या आधी, दवाखान्यातच झाली होती.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात सर्दीच्या सिरपने मुले दगावली, त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली होती. त्या बाटलीत डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष निघाले आणि सगळी चर्चा भेसळीवर गेली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या निमित्ताने केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलेल्या सूचनेतले दुसरे वाक्य मागे पडले: दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहू वा देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे त्यांची शिफारस नाही. आपल्या प्रकरणातल्या दोन्ही बाटल्या शुद्ध होत्या. लेबलवर जे लिहिले होते, तेच आत होते.

रुग्णालयात

आल्यावर श्वास मिनिटाला ८. या वयात तो २० ते ३० असायला हवा. ऑक्सिजनचे प्रमाण ८४ टक्के. जीभ कोरडी, नाडी १५०. डोळ्यांच्या बाहुल्या लहान, पण टाचणीच्या टोकाइतक्या नव्हेत. इथे नवखा डॉक्टर फसू शकतो. कोडीनसारख्या अफूवर्गीय औषधाने बाहुली आकसते, क्लोरफेनिरामिनने ती रुंदावते. दोन्ही एकत्र असतील तर बाहुली मधल्याच आकाराची राहू शकते. बाहुली आकसलेली नाही म्हणून कोडीन नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. मंद श्वास आणि न उठणारे मूल एवढे पुरेसे.

पहिले काम इंजेक्शन नव्हते. मान सरळ करून श्वासमार्ग उघडला, तोंडातला चिकटा ओढून काढला आणि मास्क-पिशवीने श्वास द्यायला सुरुवात केली. दोन मिनिटांत ओठांचा रंग परतला. तोवर शिरेत सुई लावली आणि रक्तातील साखर पाहिली, कारण दोन दिवस न जेवलेले लहान मूल साखर उतरल्यानेही बेशुद्ध असू शकते. साखर ठीक होती.

मग नॅलोक्सोन, अफूवर्गीय औषधांवरचा उतारा. श्वास जवळजवळ थांबलेला असताना मुलांत किलोमागे ०.१ मिलिग्रॅम देतात. १२ किलोला १.२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या अँप्युलमधून ३ मिलिलिटर. दोन-तीन मिनिटांत श्वास २२ वर आला. मूल कण्हू लागले, पण पूर्ण जागे झाले नाही. हेही अपेक्षितच. नॅलोक्सोन मॉर्फिनला हटवते, क्लोरफेनिरामिनला नाही. उरलेली गुंगी उतरायला वेळच द्यावा लागतो. या गुंगीकडे पाहून नॅलोक्सोन पुन्हा पुन्हा देत बसायचे नसते. मोजायचा तो श्वास.

पाऊण तासाने श्वास पुन्हा ११ वर आला. नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, कोडीन आणि त्यातून बनणारे मॉर्फिन त्याहून जास्त वेळ राहते. ‘शुद्धीवर आली, घरी न्या’ असे पहिल्या अर्ध्या तासात म्हणणे म्हणूनच घातक. डोस पुन्हा दिला आणि त्यानंतर सलाईनमधून सतत ठिबक लावले, ज्या डोसने श्वास परतला त्याच्या दोनतृतीयांश दर तासाला, म्हणजे ०.८ मिलिग्रॅम. सकाळी अकरापर्यंत ते हळूहळू कमी करून बंद केले.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल एक सूचना. नळीने ऑक्सिजन चालू असेल तर श्वास धोकादायक मंद असूनही बोटावरचे यंत्र ९८ दाखवू शकते, कारण कार्बन डायऑक्साइड साठतोय हे त्याला दिसत नाही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले गेले आणि कागदावर लिहिले गेले. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक होता. लघवी दुपारपर्यंत झाली नाही. क्लोरफेनिरामिनने ती अडू शकते, म्हणून पोट चाचपून पाहिले. संध्याकाळी झाली. पुढे २४ तास निरीक्षण.

घशाची तपासणी सकाळी शांतपणे झाली. टॉन्सिल मोठे, लाल, मध्यरेषेजवळ आलेले. पू नाही, मानेच्या गाठी फारशा दुखऱ्या नाहीत, नाक वाहते, खोकला आहे. हे चित्र विषाणूजन्य घसादुखीचे. तीन वर्षांखाली स्ट्रेप्टोकोकसचा घसा क्वचितच असतो. तो मुख्यतः पाच ते पंधरा वयात येतो, जोराचा ताप, दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग आणि खोकला नसणे ही त्याची लक्षणे. तो ठरला तर मात्र दहा दिवस पूर्ण अमॉक्सिसिलिन द्यावे लागते, कारण संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा बिघडण्याचा धोका आपल्याकडे अजून आहे. खोकल्याच्या सिरपने झोपवलेल्या मुलात हा घसाही तसाच झाकला जातो.

त्या संध्याकाळी काय करायला हवे होते

वजन करून फक्त पॅरासिटामॉल. १२ किलोला १८० मिलिग्रॅम: १२० मिलिग्रॅमच्या सिरपचे साडेसात मिलिलिटर, किंवा २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे साडेतीन मिलिलिटरच्या जरा वर. सहा तासांचे अंतर, दिवसात चारच्या वर नाही. आपल्याकडे दोन्ही ताकदीच्या बाटल्या एकाच नावाने मिळतात, त्यामुळे ‘साडेसात द्या’ एवढे सांगणे पुरत नाही, बाटली कोणती तेही सांगावे लागते. मोजायला चहाचा किंवा पोह्याचा चमचा नको. स्टीलच्या चमच्यांत अडीचपासून सात मिलिलिटरपर्यंत काहीही मावते. सुईविना सिरिंज सर्वांत बरी. पावसाळ्यात, डेंग्यूची शक्यता असताना किंवा मूल काही पीत नसताना आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड टाळलेलेच चांगले.

डोस दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने घसा जरा हलका होतो. तीच खिडकी पाजण्याची. कोमट पेज, गार ताक, बर्फाची छोटी कुल्फी, जे गळ्याखाली जाईल ते, एकेक घोट. गुळण्या या वयात जमत नाहीत, मूल ते मिठाचे पाणी गिळते. मध एक वर्षानंतर चालतो, झोपण्याआधी अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर. वर्षाच्या आत मध कधीच नाही, अगदी चाटवायलाही नाही, कारण त्यातील बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. बाळाला मध चाटवण्याची आपली जुनी रीत इथे मोडायलाच हवी.

लाळ गळणे, आवाज दबका होणे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, मान ताठ धरणे, तोंड न उघडणे, आठ तास लघवी नसणे: यांपैकी एकही दिसले तर रात्रीच निघायचे. घशात गळू किंवा श्वासमार्गाच्या झाकणाला सूज असेल तर मूल अस्वस्थ होऊन ते आपल्याला कळवत असते. गुंगीचे औषध पाजले तर तो निरोपच बंद होतो.

आणि कोडीन गेलेच असेल तर? उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. झोपलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर ठेवावे आणि १०८ लावावा. श्वास थांबला असेल किंवा मिनिटाला आठ-दहावर आला असेल, तर मान सरळ करून तोंडाने श्वास द्यावा, दर दोन-तीन सेकंदांना एक, इतकाच की छाती वर येईल. अशा मुलाला सर्वात आधी श्वास लागतो. नुसती छाती दाबत बसून उपयोग नाही. बाटली सोबत न्यावी आणि उरलेल्या औषधाची पातळी दाखवावी. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तिथे डॉक्टरांनाही विचारता येते.

बाटली घरात आली कशी

कोडीन हे अनुसूची एच-१ मधले औषध. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. जून २०२३ मध्ये केंद्राने ज्या १४ मिश्रणांवर बंदी आणली, त्यांत कोडीन-क्लोरफेनिरामिनचे सिरप होते. पुढे त्यावर न्यायालयात वादही झाले. पण या घरात बाटली चोरून किंवा चिठ्ठीशिवाय आली नव्हती. आजोबांना रीतसर लिहून दिले होते. त्यांचा खोकला आठवड्यात थांबला, बाटली निम्मी उरली, आणि ती तशीच कपाटात राहिली. चिठ्ठीवर ‘उरलेले टाकून द्या, घरातल्या मुलांना देऊ नका’ अशी एक ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. औषध दुकानदारही बाटली देताना घरात लहान मूल आहे का, स्तनपान करणारी आई आहे का, हे विचारू शकतो. आईने कोडीन घेतले तर दुधातून मॉर्फिन बाळापर्यंत पोहोचते.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेली. सुटीच्या कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. रोजचे घोरणे आणि झोपेत दचकणे यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणी. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, सिरपची ताकद लिहून. आणि तिसरी, मोठ्या अक्षरांत: पुढे टॉन्सिलची शस्त्रक्रिया करायची ठरली, तर भूलतज्ज्ञांना हे प्रकरण आधी सांगावे, शस्त्रक्रियेनंतर कोडीन किंवा त्याच जातीचे ट्रामाडॉल देऊ नये.